पातळी चढण्याचे आणि उतरण्याचे गणित

ख्रिस फर्ग्युसन हा २००० सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा विजेता आणि संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला. २००६ मध्ये त्याने फुल टिल्ट पोकर या संकेतस्थळावर एक प्रयोग हाती घेतला. खात्यात एकही डॉलर भरायचा नाही, फुकट प्रवेशाच्या स्पर्धांतून काही सेंट मिळवायचे आणि तिथून १० हजार डॉलरपर्यंत पोचायचे, असा तो प्रयोग होता. त्यासाठी त्याने स्वतःवर काही बंधने घालून घेतली. रोख पैशांच्या खेळात एका वेळी एकूण भांडवलाच्या ५ टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊन बसायचे नाही. अनेक टेबलांच्या स्पर्धेत २ टक्क्यांहून जास्त प्रवेशमूल्य द्यायचे नाही. टेबलावरची रक्कम जिंकत जिंकत एकूण भांडवलाच्या १० टक्क्यांवर गेली, तर पुढचा ब्लाइंड आपल्यापर्यंत येताच उठायचे. अगदी तळाच्या पातळ्यांसाठी थोडी सूट होती, एरवी अपवाद नव्हता. त्याने १० हजारांचा टप्पा गाठला आणि ५ टक्क्यांचा तो नियम ‘निदान २० बाय-इन हव्यात’ या रूपात जगभरच्या पोकर खेळणाऱ्यांच्या तोंडी बसला. पण या रूपांतरात नियमाचा अर्धा भाग गळून पडला. भांडवलाच्या ५ टक्के म्हणजे भांडवल घटले की परवानगी असलेली रक्कमही घटणार आणि खेळाडूला खालच्या टेबलावर जावेच लागणार. फर्ग्युसनचा नियम खेळाडूला सतत वरखाली हलवत होता. लोकांनी त्यातला आकडा तेवढा उचलला. पुढे जे काही मांडले आहे, ते या गळून पडलेल्या अर्ध्या भागाविषयी आहे.

आधी मोजमापाचे एकक स्पष्ट करून घेऊ. नो-लिमिट होल्डएम या खेळात प्रत्येक डावाआधी दोन खेळाडूंनी सक्तीची रक्कम मांडायची असते. त्यातली मोठी रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड. साधारणपणे १०० बिग ब्लाइंड इतके पैसे घेऊन टेबलावर बसतात आणि त्या रकमेला एक बाय-इन म्हणतात. बिग ब्लाइंड ५० सेंटचा असेल तर बाय-इन ५० डॉलरची. बिग ब्लाइंड १ डॉलरचा असेल तर १०० डॉलरची. केवळ खेळासाठी बाजूला काढलेल्या आणि घरखर्चाशी संबंध नसलेल्या पैशाला बँकरोल म्हणतात. बँकरोल डॉलरमध्ये किंवा रुपयांत न मोजता बाय-इनमध्ये मोजण्याचे कारण असे की ३ हजार डॉलर ही रक्कम लहान की मोठी, हे टेबल ठरल्याशिवाय सांगता येत नाही. ५० डॉलरच्या टेबलावर ते ६० बाय-इन असतात, १०० डॉलरच्या टेबलावर ३० आणि १ हजार डॉलरच्या टेबलावर फक्त ३.

या एककात खेळाडूची कमाई आणि तिचे चढउतार दोन्ही मांडता येतात. दर १०० डावांमागे सरासरी किती बिग ब्लाइंड सुटतात, तो त्याचा कमाईचा दर. सहा जणांच्या ऑनलाइन टेबलावर टेबल चालवणाऱ्याने कापून घेतलेला रेक वजा जाऊनही दर १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावणारा खेळाडू चांगला समजला जातो. पण दर १०० डावांचे प्रमाण विचलन याच खेळात ८० ते १०० बिग ब्लाइंडच्या आसपास असते. आपण ९० धरू. पोकरट्रॅकर किंवा होल्डएम मॅनेजर वापरणाऱ्याला हा आकडा आपल्या नोंदींतूनच मिळतो. कमाई ५ आणि हेलकावा ९०, या दोन आकड्यांतल्या दरीतच या विषयाचे सारे सत्त्व आहे. १० हजार डावांत या खेळाडूची अपेक्षित कमाई ५ बाय-इन होते, पण त्या कमाईचे प्रमाण विचलन ९ बाय-इन असते. म्हणजे चांगला, सातत्याने बरोबर निर्णय घेणारा खेळाडू १० हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्के निघते. जवळपास दर तीन-चार चांगल्या खेळाडूंमागे एक जण महिनाभर मेहनत करून हातचे घालवून बसलेला असतो, आणि त्याच्या खेळात खोट असेलच असे नाही.

आता भांडवल बुडण्याची शक्यता पाहू. कमाईचा दर w, प्रमाण विचलन σ आणि भांडवल B धरले, तर पातळी न बदलता कायम खेळत राहणाऱ्या माणसाचे भांडवल कधीतरी शून्यावर येण्याची शक्यता e^(−2wB/σ²) इतकी असते. बिल चेन आणि जेरॉड अँकेनमन यांच्या ‘द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर’ या २००६ च्या ग्रंथात या गणिताची सविस्तर चर्चा आहे. आपल्या खेळाडूला, म्हणजे ५ चा दर आणि ९० चे विचलन असलेल्याला, २० बाय-इन दिल्या तर ही शक्यता साडेआठ टक्के येते. दर निम्म्यावर, म्हणजे अडीचवर आणला, तर त्याच २० बाय-इन असताना ती २९ टक्के होते, आणि पुन्हा साडेआठ टक्क्यांवर यायला ४० बाय-इन लागतात. आणखी एक फरक करून पाहू. दर ५ चाच ठेवला, पण होल्डएमऐवजी पॉट-लिमिट ओमाहा खेळायला घेतला. तिथे प्रत्येकाच्या हातात चार पाने असतात, बळे जवळजवळ सारखी असतात आणि विचलन १४० च्या घरात जाते. आता २० बाय-इन असूनही बुडण्याची शक्यता ३६ टक्के होते, आणि तीच साडेआठवर आणायची तर ४८ बाय-इन हव्यात. सूत्रात विचलन वर्गात येते, म्हणून ते दीडपट झाले की लागणारे भांडवल सव्वादोन पटीने वाढते. मोठ्या स्पर्धांत बक्षिसाची बहुतेक रक्कम वरच्या मोजक्या जागांवर एकवटलेली असते. तिथे विचलन इतके मोठे असते की १०० प्रवेशमूल्येही तोकडी पडतात. स्पर्धांचा विचार स्वतंत्र प्रकरणात केला आहे, त्यामुळे इथे तो थांबवतो.

याच सूत्राचा एक अर्थ फारसा सांगितला जात नाही, पण खेळणाऱ्याला तोच रोज जाणवतो. दीर्घकाळ खेळणाऱ्या या खेळाडूला कोणत्याही दिवशी थांबवून विचारले की तू आजवरच्या सर्वोच्च शिल्लकेपासून किती खाली आहेस, तर उत्तराची सरासरी ८ बाय-इन येते. अडीच दराच्या खेळाडूची १६ येते. शिखरापासून खाली असणे हीच जिंकणाऱ्या खेळाडूचीही नेहमीची स्थिती आहे, नवा उच्चांक गाठल्याचे दिवस मोजके. १० बाय-इन गेल्या म्हणून हादरून जाणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या धंद्याच्या नेहमीच्या हवामानालाच वादळ समजत असतो. म्हणूनच खाली उतरण्याच्या नियमाचा पाया ‘माझ्या बाबतीत काहीतरी विपरीत घडते आहे’ या भावनेवर ठेवता येत नाही. तो शिल्लक रकमेवर ठेवावा लागतो.

इथवरच्या गणितावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की या सूत्रात कमाईचा दर ठाऊक आहे असे धरले आहे, आणि तो कोणालाच ठाऊक नसतो. आक्षेप खरा आहे, आणि वरवर दिसतो त्याहून खोल आहे. एखाद्याने १ लाख डाव खेळून त्याच्या नोंदीत ५ चा दर दिसत असेल, तरी त्या आकड्यातली प्रमाण चूक २.८५ आहे. म्हणजे ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की खरा दर शून्याच्या थोडा खाली ते साडेदहाच्या थोडा वर, यांत कुठेतरी आहे. चार टेबले एकदम खेळून तासाला ३०० डाव पाहणाऱ्यालाही १ लाख डावांसाठी ३३० हून जास्त तास लागतात, आणि एवढे करून मिळते ते इतके धूसर उत्तर. त्यात वर्षभरात विरोधक बदलतात, रेक बदलतो, स्वतःचा खेळही बदलतो. या अनिश्चिततेचा भांडवलावर होणारा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. समजा, सगळे पुरावे पाहून असे वाटते की आपला खरा दर शून्य किंवा त्याहून कमी असण्याची शक्यता २० टक्के आहे. ज्याचा दर शून्य किंवा ऋण आहे, त्याचे भांडवल पुरेशा काळात बुडणारच, मग ते ४० बाय-इन असो की ४००. म्हणजे तुमची बुडण्याची शक्यता निदान २० टक्के झाली, आणि बाय-इनचा ढीग वाढवून ती त्याखाली आणता येत नाही. ढीग फक्त काळ लांबवतो.

या विषयात मला जे सांगायचे आहे, ते इथून निघते. ‘किती बाय-इन हव्यात’ या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर देता येते, हा समजच चुकीचा आहे. भांडवलाचा आकार हा व्हेरियन्स आणि कमाईचा दर यांच्या गुणोत्तरातून ठरतो, आणि त्या गुणोत्तरातला दर आपल्याला धूसरच दिसतो. त्यामुळे खरे संरक्षण आकाराने मिळत नाही, हालचालीच्या नियमाने मिळते. जो पैसे घटताच खालच्या पातळीवर जातो, त्याला आपला दर चुकून जास्त धरल्याची किंमत हप्त्याहप्त्याने आणि दर वेळी कमी होत जाणाऱ्या रकमेत मोजावी लागते. जो ३० बाय-इनच्या भरवशावर एकाच टेबलाला चिकटून बसतो, तो तीच किंमत पूर्ण मोजतो.

हालचालीचा नियम कसा बांधायचा, याचे मूळ उत्तर पोकरच्या बाहेरून आले. बेल लॅब्जमधल्या जॉन केली याने १९५६ मध्ये एक निबंध लिहिला. अनुकूल पैजेवर भांडवलाचा किती भाग लावला म्हणजे भांडवल दीर्घकाळात सर्वांत वेगाने वाढेल, याचे सूत्र त्यात होते. एडवर्ड थॉर्पने ते ब्लॅकजॅकच्या टेबलावर आणि पुढे शेअर बाजारात वापरले. पोकरमध्ये खेळाडू दोन पातळ्यांपैकी एक निवडत असतो, म्हणून सूत्र जरा वेगळे रूप घेते. दोन पातळ्यांच्या विचलनांचे पैशांतले वर्ग घ्यावेत आणि त्यांच्यातल्या फरकाला दोन्हींकडच्या कमाईतल्या फरकाच्या दुपटीने भागावे. येईल त्या रकमेच्या वर भांडवल असेल तर वरची पातळी, खाली असेल तर खालची. हे सूत्र आता एका उदाहरणात पूर्ण चालवून पाहू, कारण यातून जे दिसते ते बहुतेकांना अनपेक्षित असते.

खेळाडू ५० डॉलर बाय-इनच्या टेबलावर आहे आणि त्याला १०० डॉलरच्या टेबलावर जायचे आहे. खालच्या टेबलावर त्याचा दर ५ बिग ब्लाइंड, म्हणजे दर १०० डावांमागे अडीच डॉलर, आणि विचलन ४५ डॉलर. वरच्या टेबलावर विचलन ९० डॉलर. दोन वर्गांतला फरक, म्हणजे ८,१०० वजा २,०२५, येतो ६,०७५. आता प्रश्न एवढाच उरतो की वरच्या टेबलावर त्याचा दर किती राहील. समजा तोही ५ बिग ब्लाइंडच राहिला, म्हणजे ५ डॉलर. कमाईतला फरक अडीच डॉलर, त्याची दुप्पट ५, आणि उत्तर १,२१५ डॉलर. वरच्या टेबलाच्या १२ बाय-इन जमल्या की चढायला हरकत नाही. पण वर विरोधक चांगले असतात. दर साडेतीनवर आला तर कमाईतला फरक १ डॉलर उरतो आणि उत्तर येते ३,०३७ डॉलर, म्हणजे ३० बाय-इन. दर ३ वर आला तर ६,०७५ डॉलर, म्हणजे ६१ बाय-इन. आणि तो अडीचवर आला, म्हणजे बरोबर निम्मा झाला, तर भाजकात शून्य येते. दोन्हींकडे कमाई दर १०० डावांमागे अडीच डॉलरच, वरच्या टेबलावर फक्त हेलकावा दुप्पट. अशा वेळी वर जाण्याला पुरेल इतके भांडवल अस्तित्वातच नाही.

तोच खेळाडू, त्याच दोन पातळ्या, आणि उत्तरे १२, ३०, ६१ व कधीच नाही. फरक फक्त ५, साडेतीन, ३ आणि अडीच एवढाच. म्हणून कोणी विचारले की १०० डॉलरच्या टेबलासाठी किती बाय-इन हव्यात, तर त्याला उलट विचारावे की तिथे तुझा दर किती घसरेल असे तुला वाटते, आणि कशावरून. याचा अंदाज घेण्याच्या खुणा आहेत. वरच्या टेबलावर तेच कच्चे खेळाडू बसतात का, की ते क्वचितच चढतात? बिग ब्लाइंडच्या हिशोबात रेक किती कमी होतो? लहान पातळ्यांवर रेकचा भार तुलनेने जास्त असतो, त्यामुळे वर गेल्यावर घसरणीचा काही भाग भरून निघतो. नोंदींतून स्वतःच्या खेळाचे तुकडे पाडून पाहिले, तर कमाई प्रामुख्याने कच्च्या खेळाडूंकडून येते की नियमित खेळणाऱ्यांशीही आपण बरोबरी करतो, हे दिसते. ज्याची सगळी कमाई पहिल्या प्रकारची आहे, त्याचा दर वर गेल्यावर जोरात घसरण्याची शक्यता असते.

सूत्राने आलेली रक्कम ही किमान समजावी. केलीचे सूत्र पूर्ण प्रमाणात वापरणाऱ्याने भांडवलानुसार पातळी सतत बदलत ठेवली, तरी आजचे भांडवल कधीतरी निम्म्यावर येण्याची शक्यता दोनात एक असते. निम्म्या प्रमाणात धोका घेतला तर तीच शक्यता आठात एक होते आणि वाढीचा वेग फक्त चतुर्थांशाने कमी होतो. दर नेमका ठाऊक नसताना ही अदलाबदल फार स्वस्त आहे. प्रत्यक्षात अनुभवी खेळाडू ३० ते ५० बाय-इन सांगतात ते या हिशोबाशी बरेच जुळते, पण आकडा त्यांच्या खेळाला लागू आहे, तुमच्याला लागू असेलच असे नाही.

आता दुसरा आक्षेप. खाली उतरणे महाग पडते, असे खेळणारे म्हणतात: मोठ्या टेबलावर गमावलेले पैसे लहान टेबलावर परत मिळवायला आयुष्य जाईल. भावनेने बोललेले वाटले तरी यात हिशोब आहे, आणि त्याला हिशोबानेच उत्तर द्यायला हवे. वरचाच खेळाडू घेऊ. ३ हजार डॉलर घेऊन तो १०० डॉलरच्या टेबलावर आला, दर साडेतीन, आणि १० बाय-इन गमावून २ हजारांवर पोचला. तिथेच राहिला तर गमावलेले १ हजार डॉलर भरून काढायला सरासरी २८,६०० डाव लागतील. खाली उतरून दर १०० डावांमागे अडीच डॉलरने कमावले तर ४० हजार डाव लागतील. म्हणजे उतरण्याची किंमत ११,४०० डाव, तासाला ३०० च्या हिशोबाने सुमारे ३८ तास. या ३८ तासांच्या बदल्यात काय मिळते? १०० डॉलरच्या टेबलावर २० बाय-इन आणि साडेतीनचा दर असताना कायम तिथेच राहिल्यास बुडण्याची शक्यता १८ टक्के आहे. ५० डॉलरच्या टेबलावर त्याच पैशाच्या ४० बाय-इन होतात, दर ५ असतो आणि शक्यता १ टक्क्याच्याही खाली जाते. यात दर खाली उतरल्यावरही शाबूत आहे असे धरले आहे. पण हरत असताना माणूस घाईने, रागाने, हट्टाने खेळतो आणि नेमका त्याच काळात त्याचा दर घसरलेला असतो. सूत्रातला प्रत्येक डाव आधीच्या डावापासून स्वतंत्र असतो, माणूस तसा नसतो. ही त्रुटी उतरण्याच्या नियमाच्या विरुद्ध जात नाही, तो आणखी लवकर लागू करायला सांगते.

चढण्याचा आणि उतरण्याचा आकडा एकच असावा की वेगळा? निव्वळ गणिताला एकच आकडा चालतो. ज्या रकमेवर दोन पातळ्या समान फलदायी आहेत, तिच्या वर वरची आणि खाली खालची. पण त्या आकड्यावर बसलेला खेळाडू दोन बाय-इन गेल्या की खाली आणि दोन मिळाल्या की वर, असा रोज टेबल बदलत राहील. कोणाविरुद्ध खेळतो आहे याची ओळख कुठेच पक्की होणार नाही. म्हणून मधे चार-पाच बाय-इनचे अंतर ठेवणे शहाणपणाचे. ३० वर चढावे, २५ वर उतरावे. हे अंतर फार वाढवले, उदाहरणार्थ ३० वर चढून १० वर उतरायचे ठरवले, तर उतरण्याचा नियम कागदावरच राहतो, कारण १० वर पोचेपर्यंत दोन-तृतीयांश भांडवल गेलेले असते.

यातूनच वरच्या पातळीवर ‘शॉट’ घेण्याची पद्धत निघाली. ३ हजार डॉलर असताना ५ बाय-इन, म्हणजे ५०० डॉलर, वरच्या टेबलावर लावायचे. ते गेले तर २,५०० डॉलर घेऊन, म्हणजे ५० डॉलरच्या टेबलाच्या ५० बाय-इन घेऊन, निमूट परत यायचे. पद्धत चांगली आहे, पण तिचा अर्थ लावताना जवळजवळ सगळेच चुकतात. वरच्या टेबलावर खरोखर साडेतीनने जिंकणारा खेळाडू ५ बाय-इन कमावण्याआधी ५ बाय-इन गमावून बसण्याची शक्यता ३९ टक्के आहे. तिथे दर उणे २ असलेल्या, म्हणजे पुरता अपात्र असलेल्या खेळाडूची ५६ टक्के आहे. दोघांचाही निकाल साधारण ३ हजार डावांत लागतो. ३९ आणि ५६ यांतला फरक इतका कमी आहे की एका अपयशी शॉटवरून ‘मी या पातळीचा नाही’ असे ठरवणे किंवा एका यशस्वी शॉटवरून ‘आता इथेच राहायचे’ असे ठरवणे, दोन्ही निराधार आहे. ५ बाय-इनची मर्यादा ही पैशावरची कडी आहे. खेळाची परीक्षा डावांच्या फेरतपासणीतून, म्हणजे मोठे पॉट हरलेल्या डावांत निर्णय बरोबर होते का हे पाहण्यातून, वेगळी घ्यावी लागते. तीन शॉट अपयशी ठरले आणि तपासणीत तेच तेच चुकीचे कॉल दिसले, तर तो पुरावा झाला. तपासणीत पाने फिरली एवढेच दिसले, तर पुन्हा ३० बाय-इन जमवून चौथा शॉट घ्यायला हरकत नाही.

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडेल: हे सगळे ऑनलाइन टेबलांचे हिशोब आपल्याला किती लागू? भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद केले. परदेशात, जिथे हा खेळ कायद्याने चालतो तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला वरचे आकडे जसेच्या तसे उपयोगी पडतील. इथे राहणाऱ्याला प्रत्यक्ष टेबल म्हणजे मुख्यतः गोव्यातले परवानाधारक कॅसिनो, मांडवीतल्या बोटींसह. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात. विरोधक सहसा कच्चे असल्याने दर १०० डावांमागचा कमाईचा दर ऑनलाइनपेक्षा बराच जास्त असू शकतो आणि त्यामुळे कमी बाय-इन पुरतात, असे म्हणतात. तर्क बरोबर आहे. पण तो दर तपासायला अपुरे असलेले १० हजार डावही तिथे ३३० हून जास्त तासांत होतात. सुट्टीत चार दिवस बसणाऱ्याचा सगळा अनुभव वर्षानुवर्षे काही हजार डावांच्या पुढे जात नाही, आणि तेवढ्यावरून आपण जिंकणारे आहोत की हरणारे, हे त्याला कळू शकत नाही. शिवाय लहान टेबलांवर रेकचा भार मोठा असेल तर कच्च्या विरोधकांकडून सुटणारा नफा त्यातच जिरतो. अशा खेळाडूने बाय-इनचे सूत्र न वापरता, ही रक्कम गेली तरी चालेल अशी खर्चाची मर्यादा ठरवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. ज्याचा दर ठाऊक नाही त्याने तो शून्याखाली आहे असे धरावे. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते, कारण टेबलावरच्या सगळ्यांच्या कमाईची बेरीज रेकइतकी उणे येते.

तिसरा आक्षेप नोकरदाराचा. माझा पगार आहे, बँकरोल संपला तर पुढच्या महिन्यात भरेन, मग मला एवढी शिस्त कशाला? त्याचे म्हणणे अंशतः मान्य करायला हवे. ज्याला भांडवल पुन्हा भरता येते, त्याचे खरे भांडवल टेबलाजवळच्या रकमेहून मोठे असते आणि तो १५ बाय-इनवरही चढू शकतो. अट एवढीच की भरण्याची रक्कम आधी ठरलेली, लिहिलेली आणि घरच्यांना ठाऊक असलेली हवी. भरणा ठरलेला नसेल तर खाली उतरण्याचा नियमच नाहीसा होतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे दर ऋण असेल तर कोणताही पगार पुरत नाही.

उलट्या टोकाला पोकरवरच घर चालवणारा असतो, आणि त्याच्याविषयीचा हिशोब सर्वांत कमी वेळा मांडला जातो. वरचाच खेळाडू १०० डॉलरच्या टेबलावर साडेतीन दराने महिन्याला ४० हजार डाव खेळतो. कमाई १,४०० डॉलर. त्यातले १ हजार तो घरखर्चाला काढतो. त्याच्याजवळ ६० बाय-इन आहेत, म्हणजे कोणत्याही प्रचलित नियमाने तो सुरक्षित आहे. पैसे न काढता त्याने खेळ चालू ठेवला असता तर बुडण्याची शक्यता ०.६ टक्के इतकी किरकोळ होती. पण भांडवलाच्या दृष्टीने त्याचा दर आता साडेतीन उरलेलाच नाही. महिन्याला ४०० डॉलर मागे राहतात, म्हणजे दर १०० डावांमागे १ डॉलर, दर १ बिग ब्लाइंडचा. हेलकावा मात्र तोच, ९० चा. सूत्रात हे घातले की बुडण्याची शक्यता २३ टक्के येते. जो शेतकरी पुढच्या पेरणीचे बियाणे थोडे थोडे दळत राहतो, त्याची कणगी एखाद्या कोरड्या वर्षात रिती होते, तसे हे होते. आणि खाली उतरण्याचा नियमही अशा माणसाला पुरती मदत करत नाही, कारण ५० डॉलरच्या टेबलावर ५ दराने त्याची महिन्याची कमाईच १ हजार डॉलर होते आणि घरखर्चानंतर मागे काहीच उरत नाही. त्याला उतरताना पातळीबरोबर घरखर्चही उतरवावा लागतो किंवा वर्षभराचा घरखर्च बँकरोलपासून वेगळा साठवल्याखेरीज नोकरी सोडता येत नाही. किती बाय-इन जवळ आहेत, हे मोजण्याआधी त्यांतून दरमहा किती बाहेर जाणार आहेत, हे त्याला ठरवावे लागते.